रात्री दहाला घड्याळाची तारीख का बदलू नये?

३० एप्रिल संपतो आणि ऑटोमॅटिक घड्याळाच्या खिडकीत ३१ उमटतो. घड्याळाला महिने कळत नाहीत. तारखेच्या चकतीवर १ ते ३१ आकडे छापलेले असतात आणि चकती रोज एक घर पुढे सरकते, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर या पाच महिन्यांनंतर तारीख हातानेच पुढे करावी लागते. दिवसभर कोणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत रात्री जेवण झाल्यावर, साडेदहाच्या सुमाराला ती चूक दिसते. मग चावी थोडी बाहेर ओढून पटकन एक आकडा पुढे करायचा मोह होतो.

नेमकं हेच करू नका, असं घड्याळासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सिको ५ स्पोर्ट्समध्ये असणाऱ्या ४आर३६ या मशीनच्या पुस्तिकेत रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत तारीख आणि वार बदलू नये अशी सूचना आहे. इतर कंपन्यांच्या वेळा थोड्या मागेपुढे असतात, सूचना मात्र तीच. त्यामागचं कारण पुस्तिकेत सहसा दिलेलं नसतं. ते कळलं तर ही वेळ पाठ करावी लागत नाही, म्हणून मशीनच्या आत काय घडतं ते आधी पाहू.

डायलखालचं ३१ दात्यांचं कडं

तारखेचा सगळा कारभार डायलच्या लगेच खाली चालतो. तिथे एक पातळ, बांगडीसारखी चकती असते. तिच्या वरच्या बाजूला ३१ आकडे छापलेले असतात आणि आतल्या कडेला ३१ दाते असतात. चकती एक दाता सरकली की खिडकीतला आकडा बदलतो.

ही चकती मोकळी सोडली तर हाताच्या हालचालीनेही फिरेल. म्हणून एक छोटा खटका स्प्रिंगच्या जोरावर दोन दात्यांच्या मधल्या खाचेत बसलेला असतो. चकती पुढे ढकलली की खटका दात्याच्या उतारावरून वर चढतो आणि टोक ओलांडलं की टक्कन पुढच्या खाचेत पडतो. आकडा खिडकीच्या बरोबर मध्ये येऊन थांबतो तो या खटक्यामुळे.

आता ढकलणारं कोण? तासकाट्याचं चाक १२ तासांत एक फेरी मारतं. त्याला जोडलेलं दुसरं चाक दुप्पट दात्यांमुळे २४ तासांत एक फेरी मारतं. या चोवीस तासांच्या चाकावर बाहेर आलेलं एक बोट असतं. दिवसातून एकदा हे बोट चकतीच्या दात्यांपाशी पोहोचतं, एका दात्याला मागून टेकतं आणि त्याला हळूहळू पुढे रेटतं. बोट दात्याजवळ नेमकं मध्यरात्रीच्या आसपास येईल अशा बेताने काटे बसवलेले असतात.

बारा वाजता होणारं काम नऊलाच सुरू होतं

तारीख रात्री बाराच्या ठोक्याला बदलते अशी आपली कल्पना असते. बहुतेक मशिनांत तसं नसतं. चोवीस तासांत एक फेरी म्हणजे तासाला फक्त १५ अंश. चकतीला एक घर सरकायला सुमारे साडेअकरा अंश फिरावं लागतं आणि त्याआधी बोटाला दात्यांच्या मधल्या जागेत शिरावं लागतं. या गतीने हे काम काही मिनिटांत उरकत नाही, दोन-तीन तास जातात.

ही संथ चाल मुद्दाम ठेवलेली आहे. मनगटी घड्याळाच्या मुख्य स्प्रिंगमध्ये ताकद थोडी असते आणि तिचा मोठा वाटा सेकंदासेकंदाला चालणाऱ्या भागांना लागतो. तारखेच्या खटक्याची स्प्रिंग एका झटक्यात दाबायची ठरवली तर त्या क्षणी घड्याळ अडखळेल. तेच काम तीन तासांत पसरलं तर भार जाणवतही नाही.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एखाद्या रात्री साडेअकराला खिडकीकडे नीट बघा. आकडा मध्यावरून सरकलेला असतो, कधीकधी एका बाजूने खिडकीच्या कडेला टेकलेला दिसतो. त्या वेळी खटका दात्याच्या उतारावर अर्धा चढलेला असतो आणि बोट दात्याच्या मागे दाबून उभं असतं. बाराच्या आगेमागे खटका टोक ओलांडतो आणि आकडा जागेवर बसतो. बोट मात्र अजून दात्यांच्या मध्येच असतं. त्याला बाहेर पडायला आणखी तास-दीड तास लागतो.

ज्या घड्याळात वारही आहे, तिथे वेळ आणखी लांबते. ४आर३६ मध्ये वाराच्या चकतीवर सात नव्हे, चौदा घरं असतात, कारण प्रत्येक वार दोन भाषांत छापलेला असतो. मध्यरात्रीनंतर आधी दुसऱ्या भाषेतला वार येतो आणि मग पहाटेपर्यंत आपल्या भाषेतला. रात्री दीडला खिडकीत परकी अक्षरं दिसली म्हणून घड्याळ बिघडलं असं समजणारे बरेच असतात. तो बिघाड नाही, चकती अर्ध्या वाटेवर आहे. पहाटे ४ची मर्यादा येते ती इथून.

चावी एक घर ओढल्यावर काय होतं

चावीला तीन जागा असतात. पूर्ण आत, एक घर बाहेर आणि दोन घरं बाहेर. दोन घरं बाहेर ओढली की काटे फिरतात. एक घर बाहेर ओढून एका दिशेला फिरवली की तारीख बदलते आणि दुसऱ्या दिशेला फिरवली की वार.

एका घरावर असताना चावी काट्यांना हातही लावत नाही. एक वेगळं छोटं चाक पुढे येतं आणि तारखेच्या चकतीच्या दात्यांत स्वतःचा दात अडकवून तिला सरळ ढकलतं. म्हणजे एकाच चकतीला ढकलणारे दोघे असतात: मशीनचं बोट आणि आपल्या चावीचं चाक. दुपारी दोन वाजता बोट चकतीपासून दूर असतं, चकतीला फक्त खटक्याने धरलेलं असतं, म्हणून चावी फिरवली की ती सहज सरकते. रात्री साडेदहाला दोघेही एकाच वेळी चकतीच्या दात्यांत असतात.

फिरत्या फाटकात अडकलेला माणूस

बागेच्या किंवा देवळाच्या रांगेच्या तोंडाशी आडव्या दांड्यांचं फिरतं फाटक असतं. तुम्ही दोन दांड्यांच्या मधल्या जागेत शिरता आणि पुढची दांडी ढकलत हळूहळू पलीकडे जाता. समजा तुम्ही मध्ये असताना कोणीतरी पलीकडून ते फाटक त्याच दिशेला जोरात फिरवलं. पुढची दांडी तुमच्यापासून दूर जाईल, त्याचा काही त्रास नाही. मागची दांडी मात्र तुमच्या पाठीत बसेल.

बोटाचं तेच होतं. साडेदहाला ते एका दात्याला टेकून दोन दात्यांच्या मधल्या जागेत असतं. चावीने चकती पुढे ढकलली की पुढचा दाता सुटून जातो आणि मागचा दाता बोटाच्या पाठीवर येऊन आदळतो.

माणूस निदान धक्का खाऊन पुढे सरकेल. बोटाला तेही जमत नाही, कारण ते ज्या चाकावर आहे ते तासकाट्याशी आणि तिथून मिनिटकाट्याशी दात्यांनी जोडलेलं आहे. बोट पुढे ढकलायचं म्हणजे मिनिटकाटा फिरवायचा. चोवीस तासांचं चाक एकदा फिरतं तेव्हा मिनिटकाटा चोवीस वेळा फिरतो. मिनिटकाट्याच्या बाजूने फिरवलं तर सगळं अलगद चालतं, कारण तिथे आपण लांब पान्याच्या टोकाला धरलेलं असतं. बोटाच्या बाजूने फिरवणं म्हणजे पाना नटाच्या अगदी जवळ धरून जोर लावणं, तोही चोवीसपट. काटे आपोआप घसरू नयेत म्हणून मिनिटकाट्याच्या चाकाला मुद्दाम घर्षण दिलेलं असतं. ते घर्षण मागच्या बाजूने मोडायला लागणारी ताकद या बारीक भागांच्या आवाक्याबाहेरची असते.

मग जे सर्वांत कमकुवत आहे ते जातं. बोट वाकतं किंवा तुटतं, चकतीच्या दात्याचं टोक उडतं, नाहीतर चावीच्या बाजूच्या छोट्या चाकाचे दाते झिजून गोल होतात. परवडणाऱ्या बऱ्याच मशिनांत यातले काही भाग प्लास्टिकचे असतात. एरवी ते वर्षानुवर्षं उत्तम चालतात, कारण त्यांच्यावर भार नगण्य असतो. असा धक्का सोसण्यासाठी ते केलेलेच नसतात.

नुकसानीची दुसरी एक वाट आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. चकती अर्धी सरकलेली असते तेव्हा तिचे दाते नेहमीच्या जागेवर नसतात. चावीचं चाक मात्र ते नेहमीच्या जागी असतील असं धरून पुढे येतं. त्याचा दात मग खाचेत न शिरता समोरच्या दात्याच्या टोकावरच टेकतो. हाताला किंचित अडल्यासारखं लागतं. अशा वेळी आणखी जोर लावला की टोक घासलं जातं. रात्रीच्या वेळी चावी अडली तर ताबडतोब थांबावं.

‘मी कायम रात्रीच बदलतो, काही झालं नाही’

हे खरं असू शकतं. बऱ्याच मशिनांत बोट ताठ नसतं. ते बारीक स्प्रिंगसारखं लवचीक असतं किंवा चाकाच्या खाचेत थोडं मागेपुढे होऊ शकतं. मागचा दाता आदळला की ते वाकतं, दात्याला वाट देतं आणि परत सरळ होतं. शिवाय साडेनऊला बोट नुकतंच दात्यांच्या जवळ आलेलं असेल तर ते एकमेकांना भिडतही नाहीत. म्हणून एकदा तारीख बदलली आणि घड्याळ मेलं, असं क्वचितच होतं.

पण लवचीक बोटसुद्धा प्रत्येक वेळी थोडं वाकतं. ते किती वेळा तसं सहन करेल हे बाहेरून कळत नाही. काही नव्या आणि महागड्या मशिनांत रचनाच अशी असते की तारीख कधीही बदलली तरी चालते. रोलेक्सने २०१५ मध्ये आणलेलं ३२३५ हे त्यातलं एक. आपलं मशीन त्या प्रकारचं आहे असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच बिनधास्त राहावं. आजोबांचं एचएमटी कांचन हातात आलं असेल आणि पुस्तिका हरवलेली असेल, तर रात्री ९ ते पहाटे ४ ही वेळ टाळायची आहे असंच धरून चालावं.

बॅटरीच्या, काट्यांच्या घड्याळांनाही यातून सूट नाही. त्यांचे काटे मोटरवर चालतात, पण खिडकीतली तारीख तशाच दातेरी चकतीवर असते. आकडे पडद्यावर दिसणाऱ्या डिजिटल घड्याळात हा प्रश्नच नाही.

खरा घोटाळा: काट्यांवरचे दहा, पण सकाळचे की रात्रीचे?

वेळ भिंतीवरच्या घड्याळावर नाही, आपल्या मनगटी घड्याळाच्या काट्यांवर बघायची असते. दुपारी तीनला बसून तारीख लावत असाल, पण घड्याळ बंद पडून त्याचे काटे रात्रीच्या साडेदहावर थांबले असतील, तर बोट दात्यांतच अडकलेलं आहे. भर दुपारीही तेच नुकसान होईल.

आणि ही वेळ वारंवार येते. ४आर३६ पूर्ण चावी भरलेलं असेल तर सुमारे ४१ तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी हमखास बंद असतं. काटे १०.१० दाखवत असतील तर ते सकाळचे की रात्रीचे, हे नुसतं बघून कळायचा मार्ग नाही, कारण डायलवर बाराच तास असतात.

त्यावर उपाय असा. चावी दोन घरं बाहेर ओढा आणि काटे पुढच्या दिशेने, सावकाश फिरवत राहा, तारीख बदलेपर्यंत. तारीख बदलली ती मध्यरात्र. तिथे न थांबता काटे पुढे सकाळच्या ६ वर आणा. आता बोट दात्यांपासून नक्की दूर गेलेलं आहे आणि वाराचा दुसरा टप्पाही उरकला आहे. मग चावी एक घर आत ढकला आणि तारीख व वार कालचे लावा. आजचे नव्हे, कालचे. पुन्हा चावी दोन घरं ओढून काटे पुढे फिरवा, मध्यरात्र ओलांडू द्या. तारीख आपोआप आजची होईल आणि आता पुढे खऱ्या वेळेपर्यंत जायचं. दुपारनंतरची वेळ लावायची असेल तर वाटेत दुपारचे बारा ओलांडायला विसरू नका, नाहीतर तारीख भर दुपारी बदलायला लागेल. तसं झालं तर तो बिघाड नाही, काटे फक्त १२ तास पुढे न्यायचे राहिलेत.

१ मेच्या रात्रीचं उदाहरण

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. १ मे २०२६, शुक्रवार, रात्रीचे साडेदहा. घड्याळ चालू आहे, वेळ बरोबर आहे, वार शुक्रवार बरोबर आहे, तारीख मात्र ३१.

सर्वांत सोपं म्हणजे काहीच न करणं. मध्यरात्री घड्याळ ३१ वरून १ वर जाईल. सकाळी सातला चहा घेताना चावी एक घर ओढून एक आकडा पुढे केला की २ तारीख येते. दहा सेकंदांचं काम आहे आणि धोका शून्य.

लगेचच हवी असेल तर चावी दोन घरं ओढून काटे पुढे फिरवा. मध्यरात्र गेली की तारीख १ होईल, म्हणजे हवी तीच, आणि वार शनिवारकडे सरकेल. काटे ६ वर आणून थांबा. तारखेला हात लावायचा नाही. चावी एक घर आत ढकलून फक्त वार शनिवारवरून पुढे नेत नेत शुक्रवारवर आणा. दोन भाषांमुळे बारा टप्पे लागतील. आता घड्याळात १ तारीख, शुक्रवार, सकाळचे ६ आहेत. चावी पुन्हा दोन घरं ओढून दुपारचे बारा ओलांडत रात्री साडेदहापर्यंत या. काटे एकूण बरोबर २४ तास फिरले.

‘त्यापेक्षा काटे मागे फिरवून आठवर आणले तर?’ असं कोणी विचारेल. तारीख बदलायच्या आधी मागे गेलं तर बहुतेक मशिनांत बोट जसं आलं तसं मागे सरकतं. पण मध्यरात्र ओलांडल्यावर काटे मागे आणले तर बोटाची पाठ दात्यावर उलट्या बाजूने चढते. काही मशिनांत बोटाचा आकार त्यासाठी उतरता केलेला असतो, काहींत नसतो. पुढे फिरवण्यात असा प्रश्न येत नाही, थोडा वेळ जास्त जातो इतकंच.

काय मोडलं हे कसं ओळखायचं

नुकसान झालं असेल तर घड्याळ वेळ बरोबर दाखवत राहतं, कारण तारखेचे भाग मुख्य यंत्राच्या वर वेगळे बसवलेले असतात. म्हणून तपासणी वेगळी करावी लागते, आणि तीही काटे सकाळच्या ६ वर आणून.

चावीने तारीख बदलते, पण काटे फिरवून मध्यरात्र ओलांडली तरी बदलत नाही, तर बोट किंवा त्याचं चाक गेलेलं असण्याची शक्यता जास्त. याउलट मध्यरात्री आपोआप बदलते, पण चावी फिरवल्यावर नुसती टिकटिक होते आणि आकडा हलत नाही, तर चावीच्या बाजूचं छोटं चाक झिजलं आहे. आकडा दोन घरांच्या मध्ये लटकत राहतो किंवा एका रात्रीत दोन घरं उडी मारतो, तेव्हा खटका किंवा त्याची स्प्रिंग जागेवरून हललेली असते. महिन्यातल्या एखाद्याच ठरावीक तारखेला घड्याळ अडत असेल, तर चकतीचा तो एक दाता तुटला असेल.

आणखी एक लक्षण फसवं असतं. घड्याळ रोज रात्री अकरा ते एकच्या मध्येच बंद पडतं, हलवलं की चालू होतं. बोट कुठेतरी अडकत असल्याने तसं होऊ शकतं, पण दिवसभर टेबलावर पडून स्प्रिंग उतरलेलं घड्याळही नेमकं याच वेळी थांबतं, कारण दिवसातला सर्वांत जास्त भार तेव्हाच असतो. आधी चावी पूर्ण भरून एक रात्र बघा. तरीही थांबलं तर मग तारखेकडे संशय न्यायचा.

दुरुस्तीला तुटलेला भाग लहानसाच लागतो, मेहनत मात्र मोठी. मागचं झाकण उघडून तिथे पोहोचता येत नाही. मशीन बाहेर काढून काटे उतरवावे लागतात, डायल आणि मग वाराची चकती काढावी लागते, तेव्हा तारखेचं कडं दिसतं. घड्याळजीकडे जाताना नुसतं ‘तारीख चालत नाही’ असं सांगू नका. चावीने बदलते का, मध्यरात्री आपोआप बदलते का आणि आकडा खिडकीत नीट मध्ये बसतो का, ही तीन उत्तरं सांगा. कोणता भाग मागवायचा याचा अंदाज त्याला डायल काढण्याआधीच येईल.